मार्लिसनं चौऱ्याऐंशी मागितले

मार्लिस किनुनेनचं आणि माझं टेबल एकोणीस वर्षं एकमेकांना लागून होतं. मी हिशेबाला, ती खरेदीला. डुलुथमधली आमची कंपनी खाणींना लागणारे पट्टे, रोलर आणि बेअरिंगं पुरवते, आणि त्यातलं जे जे बाहेरून विकत घ्यायचं ते सगळं मार्लिसच्या हातून जायचं.

तिला फोनवर भाव करताना ऐकणं म्हणजे फुकटची करमणूक होती. आवाज अगदी लोण्यासारखा. ओहायोचा कुणी बेअरिंगवाला वाढीव दर सांगायचा. ही म्हणायची, "अच्छा. असं होय." आणि गप्प. इतकी गप्प, की मला वाटायचं फोन कट झाला. पलीकडचा माणूस घसा खाकरायचा, हवापाण्याचं बोलून बघायचा. मग स्वतःच म्हणायचा, "बघतो मी, दोन टक्के कमी करता येतात का." ही पुन्हा, "अच्छा." फोन ठेवेपर्यंत पाच टक्के सुटलेले असायचे, आणि वर तो बिचारा हिलाच थँक्यू म्हणायचा.

आणि हीच मार्लिस घरी कुणी केक पुढे केला तर दोनदा "नको नको, पोट भरलंय" म्हणणार, तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर अर्धा तुकडा घेणार. आमच्याकडे सगळ्यांचंच असं. ऑफिसात कुणी डबाभर बार, म्हणजे केकसारख्या गोड वड्या, आणले की शेवटचा तुकडा दिवसभर तसाच पडून असतो. मग कुणीतरी त्याचा अर्धा घेतं, नंतर कुणीतरी त्या अर्ध्याचा अर्धा. संध्याकाळी चिमणीपुरता चुरा उरतो. मलाही आता तेवीस वर्षांत तशीच सवय लागली आहे. सोलापूरहून आई आली होती तेव्हा म्हणाली, "तुम्ही लोक जेवता तरी कधी?"

तर हिला नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुसरीकडून बोलावणं आलं. टॅमरॅक पंप्स म्हणून नवी कंपनी टेकडीवर उघडली होती, तिथं वरिष्ठ खरेदीदाराची जागा होती. डेलनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला अर्ज करायला लावला होता. डेल काउंटीसाठी, म्हणजे इथल्या जिल्ह्यासाठी, रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. बोलणं कमी, पण एकदा बोलला की मागे हटत नाही. दोन मुलाखती झाल्या आणि मंगळवारी दुपारी ईमेलनं रीतसर पत्र आलं. पगार वर्षाला चौऱ्याहत्तर हजार. पुढच्या सोमवारपर्यंत सही करून पाठवा.

मार्लिसनं मला हात धरून कॅन्टीनमध्ये नेलं आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. आमच्याकडे तिला अडुसष्ट मिळत होते.

"सहा हजार जास्त, विंडा!" माझं नाव वृंदा, पण इथं सगळे विंडा म्हणतात. "मी आत्ताच हो लिहून टाकते."

"थांब जरा. जाहिरातीत काय आकडा होता?"

आमच्या राज्यात आता जाहिरातीत पगार कितीपासून कितीपर्यंत ते छापावंच लागतं. ती थोडी घुटमळली. "बहात्तर ते अठ्ठ्याऐंशी."

"आणि तुला चौऱ्याहत्तर? अगं, म्हणजे त्यांनी तुला नवशिक्यांत बसवलंय."

"पण ते स्वतःहून देतायत ना! आणि आता मी म्हणायचं की नाही, हे कमी आहे?" तिचे कान लाल झाले होते. "हातात दिलेला केक परत करून मोठा तुकडा मागायचा, तसं वाटतं मला."

मी म्हटलं, निदान आज हो लिहू नकोस. एवढं तिनं ऐकलं. तिथंच उभ्या उभ्या त्यांच्या जोडी व्रोमनला, म्हणजे नोकरभरती बघणाऱ्या बाईंना, दोन ओळी पाठवल्या: पत्र मिळालं, मनापासून आनंद झाला, सगळं नीट वाचून शुक्रवारपर्यंत कळवते. ते लिहिताना ती एकदाही अडखळली नाही. आभार मानायला इथं सगळ्यांनाच जमतं.

बुधवारी तिनं पहिला मसुदा केला आणि जेवणाच्या सुट्टीत मला दाखवला. मी वाचला आणि हसू दाबता दाबता डब्यातली हॉटडिश, म्हणजे इथली बटाटे घालून भाजलेली खिचडी, माझ्या नाकात गेली. तिनं लिहिलं होतं, त्रास देते त्याबद्दल क्षमस्व, तुम्ही आधीच खूप उदार आहात, माझी काही तक्रार नाही, तरी जमलंच तर आणि कुणाची गैरसोय होत नसेल तर पगाराबद्दल थोडं बोलता येईल का, नसेल तरीही अगदी चालेल, पुन्हा एकदा क्षमस्व.

"मार्लिस, यात आकडाच नाही."

"आकडा लिहिला तर उद्धट वाटेल ना!"

"बेअरिंगवाल्याला तू असं लिहितेस का?"

"ते कंपनीसाठी असतं, गं," ती म्हणाली. "ते माझे पैसे नसतात."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली, की मला हसू येईना.

संध्याकाळी मी तिला घरी सोडलं तेव्हा डेल गॅरेजमध्ये शिकारीच्या सामानाची बांधाबांध करत होता. शनिवारी हरणांचा मोसम उघडणार होता, आणि त्या आठवड्यात आमच्याकडचा अर्धा जिल्हा रानात असतो. त्यानं केशरी जाकीट खुंटीवरून काढलं आणि आमचं सगळं ऐकून घेतलं.

"तिथं तुझं काम काय असणार?" त्यानं विचारलं.

"त्यांची सगळी खरेदी. वर्षाला नव्वद लाख डॉलरची."

"आणि तू पाच टक्के वाचवतेस."

"कधीकधी सहा."

डेलनं जाकिटाची घडी घातली. "मग त्यांना तेच सांग ना. माफी कसली मागतेस?"

एवढं बोलून तो मोजे शोधायला आत गेला. मार्लिस गॅरेजमध्येच उभी राहिली. मग मला म्हणाली, "चल, कॉफी करते. थांबतेस ना?" मी दोनदा नको म्हटलं आणि थांबले.

त्या दिवशी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून तिनं पहिल्यांदा स्वतःकडे खरेदीदाराच्या नजरेनं पाहिलं. आसपासच्या कंपन्यांच्या जाहिरातींतले पगार काढले. तिच्याएवढा अनुभव मागणाऱ्या जागा ऐंशीच्या खाली नव्हत्याच. मग तिच्या लक्षात आलं, की आमच्याकडचा वार्षिक बोनस मार्चमध्ये मिळतो आणि आत्ता सोडलं तर तो बुडणार. तोही साधारण पाच हजारांचा होता.

"हेपण मागायचं?" मी विचारलं.

"मागायचं तर एकदाच सगळं मागायचं," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "आज पगार, उद्या बोनस, परवा सुट्टी, असं चार वेळा दार वाजवणारा विक्रेता मला मुळीच आवडत नाही."

गुरुवारी सकाळी तिनं जो मेल पाठवला तो मला तोंडपाठ आहे, कारण पाठवण्याआधी तिनं तो मला चार वेळा वाचून दाखवला.

"प्रिय जोडी, पत्राबद्दल आभार. हॉलिस आणि त्यांच्या चमूबरोबर काम करायला मी खरोखरच उत्सुक आहे. एका गोष्टीवर बोलायचं होतं. खरेदीतला माझा एकोणीस वर्षांचा अनुभव, गेल्या तीन वर्षांत पुरवठादारांकडून दरवर्षी वाचवलेले सरासरी पाच टक्के आणि या भागातले अशा जागांचे पगार बघता, मूळ पगार चौऱ्याऐंशी हजार करता येईल का? शिवाय आत्ता नोकरी सोडल्यानं माझा मार्चमधला सुमारे पाच हजारांचा बोनस जाईल. रुजू होताना तेवढी एकरकमी भरपाई मिळाली तर बरं होईल. या दोन गोष्टी जुळल्या तर मी लगेच सही करायला तयार आहे. फोनवर बोलणं सोयीचं असेल तर तसंही चालेल. आपली, मार्लिस."

हॉलिस म्हणजे टॅमरॅकमधले तिचे होणारे साहेब. आत्ता किती मिळतात ते तिनं लिहिलं नव्हतं. ते विचारायची त्यांना कायद्यानं मुभा नाही, आणि आपण होऊन सांगायचं काही कारण नाही.

"चौऱ्याऐंशीच का? अठ्ठ्याऐंशी का नाही?" मी विचारलं.

"वरचं टोक मागितलं की समोरचा म्हणतो, हिनं नुसती जाहिरात वाचली. चौऱ्याऐंशीला काहीतरी हिशेब असल्यासारखं वाटतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि खाली यायला जागा राहते."

तिनं बटण दाबलं आणि बाथरूममध्ये निघून गेली.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. जोडीकडून चकार शब्द नाही. शुक्रवारी मार्लिसनं माझ्यासमोर एका पुरवठादाराला चुकून जुन्याच दरानं ऑर्डर दिली. असं एकोणीस वर्षांत घडलं नव्हतं.

शनिवारी डेल पहाटे रानात गेला आणि मी मार्लिसला घेऊन चर्चच्या हिवाळी बाजारात गेले. पुरुषमंडळी हरणांमागे, म्हणून त्या दिवशी सगळ्या बायका तिथं असतात. तळघरात कॉफीचा वास, लांबच लांब टेबलं, त्यांवर लोकरीचे हातमोजे आणि लेफसेच्या पोळ्यांच्या थप्प्या. लेफसे म्हणजे बटाट्याची पातळ, मऊ पोळी. माझ्या आईनं ती लोणच्याबरोबर खाल्ली होती आणि आमचे शेजारी अजून त्याबद्दल बोलतात.

मार्लिसनं हातमोज्यांचा एक जोड उचलला. म्हाताऱ्या आजीबाईंनी पंधरा डॉलर सांगितले. मार्लिसनं वीसची नोट दिली आणि "राहू दे, राहू दे" म्हणून पुढे सरकली.

"वा!" मी म्हटलं. "ओहायोच्या बेअरिंगवाल्यानं हे बघायला हवं होतं."

ती हसली नाही. एका कोपऱ्यात खुर्ची ओढून बसली आणि फोन काढला. "त्यांना राग आलाय, विंडा. सोमवारी मुदत संपते. ते म्हणतील, हिला नको असेल तर दुसरीला घ्या. मी लिहिते त्यांना, की चौऱ्याहत्तर चालतील, मागचा मेल विसरून जा."

ती खरंच लिहीत होती. वर "क्षमस्व" दिसत होतं. समजावणं मला जमत नाही, मी हिशेबातली बाई. आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. पत्र मागे घेणाऱ्या कंपन्या असतात. एका नम्र मेलवरून सहसा कुणी तसं करत नाही, पण जिची नोकरी आहे तिनं "सहसा"वर किती भिस्त ठेवायची?

म्हणून मी एवढंच विचारलं, "समज, एका विक्रेत्यानं तुला दर पाठवला. तू दोन दिवस उत्तर दिलं नाहीस. का बरं दिलं नसशील?"

"कारण साहेब जागेवर नसतील. नाहीतर मला दुसरी कामं असतील."

"रागावून नाही?"

"रागवायला वेळ कुणाला आहे?"

"आणि त्यानं मध्येच मेल करून सांगितलं, की जाऊ दे, स्वस्तात देतो, तर?"

मार्लिसनं बोट स्क्रीनवरून उचललं. "तर मी स्वस्तात घेईन," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी त्याहून स्वस्त मागेन."

तिनं मेल पुसून टाकला. मग फोन माझ्या पर्समध्ये ठेवला, वर म्हणाली, "संध्याकाळपर्यंत मला देऊ नकोस, मी रडले तरी." आणि आम्ही लेफसेच्या रांगेत उभ्या राहिलो.

सोमवारी सकाळी तिनं दोनच ओळी लिहिल्या: "उत्तराची आज मुदत आहे म्हणून आठवण करून देते. माझ्या गुरुवारच्या मेलवर विचार व्हायला वेळ हवा असेल तर मुदत थोडी वाढवता येईल का?" यात क्षमस्व कुठंच नव्हतं.

दुपारी उत्तर आलं. माफी मागितली होती ती जोडी व्रोमननं. पगारवाढीला हॉलिसची मंजुरी लागते, आणि हॉलिस शुक्रवारपासून रानात, जिथं फोन लागत नाही. आज सकाळी आले, एक हरीणही मिळालं, आणि मेल वाचून त्यांनी लगेच मंजुरी दिली. चौऱ्याऐंशी जमणार नाही, कारण तेवढ्याच अनुभवाच्या इथल्या लोकांना त्याहून कमी आहे. ऐंशी देता येतील. पाच हजारांची भरपाई पूर्ण मिळेल. मात्र वर्षाच्या आत सोडलं तर ती परत करावी लागेल. चालेल का?

मार्लिसनं मेल वाचला, खुर्चीवरून उठली, माझ्या टेबलाला एक फेरी मारली आणि परत बसली. "ऐंशी," ती कुजबुजली. "आणि ते हरणामुळं गप्प होते!"

"अजून थोडं ताणणार?" मी चिडवलं.

"छे. इतरांना कमी आहे हे त्यांनी सरळ सांगितलं. तिथं जाऊन मला त्यांच्या शेजारीच बसायचंय." तिनं लिहिलं, की हे मला मान्य आहे, सुधारलेलं पत्र पाठवा, आलं की सही करते.

मंगळवारी पत्र आलं. मी अभिनंदन म्हणायला गेले तर ही भिंग लावल्यासारखी डोळे बारीक करून वाचतेय. ऐंशी हजार होते, पण भरपाईचा परिच्छेदच नव्हता. कुणीतरी जुन्याच पत्रात फक्त आकडा बदलला होता.

"मेलमध्ये कबूल केलंय ना त्यांनी, पुरे की," मी म्हटलं.

"सहीच्या कागदावर नाही ते नाही," मार्लिस म्हणाली आणि जोडीला तसं गोड शब्दांत कळवलं. तासाभरात परिच्छेदासकट नवं पत्र आलं. तिनं सही केली. तरी आमच्याकडचा राजीनामा तिनं लगेच दिला नाही. त्यांची पार्श्वभूमीची तपासणी बाकी होती. ती पूर्ण झाल्याचं पुढच्या आठवड्यात कळलं, तेव्हा ती गॉर्डीकडे गेली.

गॉर्डी आमचा साहेब. सत्तावीस वर्षं त्याच केबिनमध्ये, त्याच कॉफीच्या मगासकट. भला माणूस. मी बाहेर फायली लावण्याचं नाटक करत होते आणि दार नीट लागलं नव्हतं.

"जातेस?" गॉर्डीचा आवाज खरंच पडला होता. "किती देतात?"

तिनं सांगितलं. मग तो म्हणाला, "एवढंच ना? ऐंशी मीही देऊ शकतो. मी वर बोलतो. आज दुपारपर्यंत पत्र देतो."

मला वाटलं होतं, मार्लिस विरघळणार. आग्रह झाला की ती अर्धा तुकडा तरी घेतेच.

"गॉर्डी," ती म्हणाली, "गेल्या वर्षी मी तुझे साडेचार लाख वाचवले. तेव्हा तू मला दोन टक्के वाढ दिलीस आणि म्हणालास, यंदा हात बांधलेले आहेत."

"बांधलेलेच होते गं."

"आणि आज सकाळी सुटले?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण मी तिला इतकी चिडलेली त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. एकोणीस वर्षांत तिनं एकदाही मागितलं नव्हतं हे खरं. पण मागितलं असतं तर मिळालं असतं, हे कळल्यावर तिला आनंद व्हायच्या ऐवजी झोंबलं. पुढे तिनं मला सांगितलं, की त्या घटकेला तिला गॉर्डीपेक्षा स्वतःचाच राग आला होता.

"मी तिकडे शब्द दिलाय," ती म्हणाली. "दोन आठवडे आहे मी. सगळ्या पुरवठादारांची नीट ओळख करून देऊन जाईन."

ती उठली असावी, कारण खुर्ची सरकली. मग गॉर्डी म्हणाला, "मार्लिस, जरा दार लाव."

दार लागलं. मला काही ऐकू येईना. दहाएक मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरचा राग पार उतरला होता. ओठ दाबून हसू आवरत होती.

"काय झालं? रडला की काय?"

ती माझ्या टेबलावर वाकली. "विचारत होता, की तू त्यांना लिहिलंस तरी काय नक्की? त्याला सेंट पॉलच्या एका कंपनीकडून नोकरीचं पत्र आलंय. तीन दिवस झाले, नुसता उत्तराचा मसुदा खरडत बसलाय."

"मग? दिलास मेल?"

"मेल कशाला देऊ? त्याचं त्यानं लिहावं." मग केबिनकडे एकदा बघून हळूच म्हणाली, "पण आकडा घाल म्हटलं. आणि पहिल्या ओळीतलं क्षमस्व काढून टाक म्हटलं. घातलं होतं त्यानं."